रात्रीच्या विचारणांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: वेळा, आपोआप उत्तर आणि साठवलेली उत्तरे

कोकणातल्या घरगुती निवासाची, म्हणजे आपण ज्याला होमस्टे किंवा न्याहरी-निवास म्हणतो त्याची, विचारणा बहुधा रात्री येते. पुण्या-मुंबईकडची माणसे कामावरून घरी येतात, जेवणे होतात आणि मग कोणीतरी फोन हातात घेऊन सुट्टीचा बेत आखू लागते. त्या वेळी यजमानाच्या घरी मात्र दिवसभराची कामे आटोपून निजानीज झालेली असते. विचारणा करणारा एकाच वेळी चार-पाच ठिकाणी निरोप टाकतो. सकाळपर्यंत ज्यांच्याकडून काहीच आलेले नसते ती ठिकाणे त्याच्या यादीतून गळतात. हा लेख अशा यजमानांसाठी आहे, पण रात्री दुकान बंद करणाऱ्या कोणत्याही छोट्या व्यावसायिकाला यातले टप्पे जसेच्या तसे वापरता येतील. उदाहरण म्हणून गुहागरजवळचा चार खोल्यांचा एक होमस्टे धरला आहे. त्यातले दर आणि वेळा नमुन्यादाखल आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. रात्री आपोआप जाणाऱ्या उत्तराने खोली विकली जात नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. त्याचे काम एवढेच की, समोरच्याला उत्तर केव्हा मिळेल ते कळावे आणि सकाळी पूर्ण उत्तर देण्यासाठी आपल्याला जी माहिती लागते ती त्याने रात्रीच लिहून ठेवावी. पुढचे सगळे टप्पे याच हेतूने मांडले आहेत.

अ‍ॅप आणि नंबर

या सोयी साध्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाहीत. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळे अ‍ॅप घ्यावे लागते. ते विनामूल्य असून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर चालते. एकच नंबर दोन्ही अ‍ॅपमध्ये एकाच वेळी नोंदवता येत नाही. आतापर्यंत घरच्या नंबरवरच पाहुण्यांशी बोलणे होत असेल तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तोच नंबर बिझनेस अ‍ॅपमध्ये हलवणे. असे करताना आधी जुन्या अ‍ॅपमधून बॅकअप घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे व्यवसायासाठी वेगळे सिम घेणे. तेव्हा दोन्ही अ‍ॅप एकाच फोनवर, दोन निरनिराळ्या नंबरांनी, शेजारी शेजारी चालतात. घरातल्या लँडलाइनचा नंबर सगळ्या जुन्या पाहुण्यांना पाठ असेल तर तोही वापरता येतो, कारण नोंदणीचा आकडी कोड एसएमएसऐवजी फोन करूनही सांगितला जातो.

माझे मत विचाराल तर वेगळा नंबरच घ्यावा. आपोआप उत्तराची सोय सुरू केल्यावर रात्री नऊ वाजता आत्याने विचारलेल्या 'जेवलात का?' या प्रश्नालाही 'आमची वेळ सकाळी ९ पासून आहे' असे उत्तर जाऊ शकते. तसे होऊ नये म्हणून अ‍ॅपमध्ये सोय आहे आणि ती पुढे येईलच, पण नंबर वेगळा असला की हा प्रश्नच उद्भवत नाही.

पुढे मेनूतली नावे इंग्रजी पडद्यावर दिसतात तशी दिली आहेत. अ‍ॅपची भाषा मराठी ठेवली असेल तर त्याच जागी मराठी नावे दिसतील. अँड्रॉइडवर जुन्या आवृत्तीत वरच्या तीन ठिपक्यांमध्ये `Business tools` असा पर्याय असतो, तर नव्या आवृत्तीत त्याऐवजी पडद्याच्या तळाशी `Tools` असा स्वतंत्र विभाग दिसतो. आयफोनवरही नव्या आवृत्तीत `Tools` असून जुन्या आवृत्तीत हेच सगळे `Settings` मध्ये सापडते.

पहिला टप्पा: कामाच्या वेळा

आपोआप उत्तराच्या आधी वेळा भराव्यात, कारण 'कामाच्या वेळेबाहेर उत्तर पाठवा' हा पर्याय वेळा भरल्याशिवाय वापरता येत नाही. `Business tools` मधून `Business profile` उघडावे, पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारावी आणि घड्याळाच्या चिन्हासमोरची वेळेची ओळ उघडावी. तेथे तीन पर्याय मिळतात: `Open for selected hours`, `Always open` आणि `Appointment only`. आपल्याला पहिला हवा. होमस्टेमध्ये पाहुणे चोवीस तास असतात म्हणून काही यजमान 'सदैव उघडे' निवडतात. तसे केल्यास 'कामाच्या वेळेबाहेर' अशी वेळच उरत नाही आणि पुढची सारी योजना निष्फळ ठरते. येथे भरायची वेळ ही वास्तूची नसून निरोपांना उत्तर देण्याची आहे, हे ध्यानात ठेवावे.

आमच्या नमुन्यातील यजमान सकाळी ९ ते १ आणि दुपारी ४ ते ८ या वेळेत फोन पाहतात. मधल्या वेळात पाहुण्यांची जेवणे, वाढप आणि थोडी विश्रांती असते. एका दिवसासाठी पहिली वेळ भरली की त्याच दिवसाखाली आणखी एक वेळ जोडता येते, त्यामुळे दुपारची सुट्टी लपवण्याची गरज नाही. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्याबद्दल पुणेकरांना नावे ठेवली जातात, पण येथे ती प्रामाणिकपणे लिहिणेच सोयीचे पडते. प्रत्येक वार वेगळा भरावा लागतो. शनिवारी पाहुण्यांची ये-जा जास्त असल्याने फोनकडे लक्ष देता येत नसेल तर त्या वाराची वेळ कमी ठेवावी.

एक चूक येथे वारंवार होते. फोनवर बारा तासांचे घड्याळ असेल तर `AM` आणि `PM` यांची अदलाबदल होते आणि सकाळी ८ वाजता दुकान बंद झाल्याची नोंद राहते. वेळा भरून झाल्यावर प्रोफाइल पुन्हा उघडून प्रत्येक वार एकदा डोळ्यांखालून घालावा. या वेळा ग्राहकालाही आपल्या प्रोफाइलवर दिसतात. गुगल मॅप्सवर आपल्या जागेची नोंद असेल तर तेथील वेळा वेगळ्या असतात आणि त्या आपोआप बदलत नाहीत, त्यामुळे त्या वेगळ्याने जुळवून घ्याव्यात.

दुसरा टप्पा: वेळेबाहेरचे आपोआप उत्तर

`Business tools` मध्ये `Away message` उघडावे आणि `Send away message` हे बटण सुरू करावे. त्याखाली तीन गोष्टी ठरवायच्या असतात: मजकूर, वेळापत्रक आणि कोणाला पाठवायचे.

वेळापत्रकात तीन पर्याय आहेत. `Always send` म्हणजे दिवसा-रात्री केव्हाही निरोप आला तरी उत्तर जाणार. हा पर्याय रोजच्या कामासाठी निवडू नये, कारण आपण समोर बसून बोलत असतानाही समोरच्याला 'आम्ही सध्या उपलब्ध नाही' असे वाचावे लागेल. `Custom schedule` मध्ये सुरुवातीची आणि शेवटची तारीख-वेळ द्यावी लागते. तो सणासुदीसाठी आहे आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे. रोजच्यासाठी `Outside of business hours` निवडावे. असे केल्यावर आपण मघाशी भरलेल्या वेळा हेच वेळापत्रक होते आणि दुपारी १ ते ४ या मधल्या वेळेतही उत्तर जाते.

कोणाला पाठवायचे, यासाठी `Recipients` मध्ये चार पर्याय आहेत: सर्वांना, फोनबुकात नाव नसलेल्यांना, काही जण वगळून सर्वांना, किंवा फक्त निवडलेल्यांना. होमस्टेसाठी दुसरा पर्याय, म्हणजे `Everyone not in address book`, सर्वांत उपयोगी आहे. नवी विचारणा अनोळखी नंबरावरून येते आणि हे उत्तर तिच्यासाठीच आहे. बुकिंग नक्की झाले की पाहुण्याचा नंबर 'पाहुणे' हा शब्द पुढे लावून साठवावा, म्हणजे नावे एकत्र दिसतात आणि त्यांना हा कोरडा मजकूर जात नाही. आत्याचा प्रश्नही येथेच सुटतो.

यात एक धोका मात्र आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. नाव साठवलेला पाहुणा रात्री साडेदहाला कुंभार्ली घाटात गाडी बंद पडून अडकला आणि त्याने निरोप टाकला तर त्याला आपोआप काहीच मिळणार नाही. म्हणून बुकिंग नक्की झाल्याच्या निरोपातच 'प्रवासाच्या दिवशी निरोप न पाठवता फोन करा' असे लिहून नंबर द्यावा. अडीअडचणीच्या वेळी निरोपावर विसंबून राहण्याची सवय पाहुण्याला लागू देऊ नये.

आता मजकूर. बहुतेक ठिकाणी 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' असे दिसते. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही: लवकर म्हणजे केव्हा, तोवर आपण काय करायचे, दुसरीकडे विचारायचे की थांबायचे? त्यापेक्षा पुढील मजकूर पाहावा.

> नमस्कार. आपला निरोप पोहोचला आहे. आम्ही सकाळी ९ ते १ आणि दुपारी ४ ते ८ या वेळेत उत्तर देतो.
> तोपर्यंत कृपया एवढे लिहून ठेवा:
> १. येण्याची आणि निघण्याची तारीख
> २. मोठी माणसे किती. मुले असल्यास त्यांची वये
> ३. जेवण शाकाहारी हवे की मासे
> रात्री आलेल्या निरोपांना सकाळी १० पर्यंत उत्तर मिळेल. या संदेशावरून खोली उपलब्ध आहे असे कृपया समजू नये.

शेवटचे वाक्य कोरडे वाटते, पण ते गाळू नये. आपोआप आलेल्या उत्तराला बुकिंगची पोच समजून माणसे रजा टाकतात, गाडी ठरवतात आणि मग वाद होतो. 'सकाळी १० पर्यंत' हा शब्दही पाळता येईल तेवढाच द्यावा. सकाळी न्याहरीची धांदल असेल तर ११ लिहावे. याच कारणासाठी या मजकुरात दर, यूपीआय आयडी किंवा पैसे भरण्याचा क्यूआर कोड देऊ नये. खोली रिकामी आहे की नाही हे पाहण्याआधीच कोणी आगाऊ रक्कम भरली तर ती परत करण्याचा व्याप आपल्याकडे येतो. शिवाय अनोळखी नंबरावरून आपोआप पैसे मागणारा निरोप आला की सावध माणूस तेथूनच मागे फिरतो, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न तीनच ठेवले आहेत, कारण तेवढ्यांच्या उत्तरावरून खोल्यांची संख्या, जेवणाचा हिशोब आणि एकूण रक्कम काढता येते. गाडीचा नंबर, ओळखपत्र, येण्याची नेमकी वेळ हे सगळे बुकिंगनंतर विचारावे. कर्नाटकातून किंवा गुजरातेतून येणाऱ्यांची संख्या मोठी असेल तर मराठी मजकुराखाली तोच मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत दोन ओळींत द्यावा. संपूर्ण भाषांतर जोडल्यास निरोप लांबतो आणि प्रश्न वाचलेच जात नाहीत. महत्त्वाची वेळ ठळक करायची असल्यास तिच्या दोन्ही बाजूंना तारांकन द्यावे, उदाहरणार्थ `*सकाळी १० पर्यंत*`.

याच्या शेजारीच `Greeting message` नावाची दुसरी सोय दिसते आणि नवख्यांचा येथे गोंधळ होतो. स्वागताचा हा निरोप वेळेवर अवलंबून नसतो. एखाद्याने पहिल्यांदाच निरोप पाठवला किंवा १४ दिवस काहीच बोलणे झाले नसताना पुन्हा पाठवला, तर तो जातो. दोन्ही सोयी सुरू ठेवायच्या असतील तर दोन्ही मजकूर एकापाठोपाठ वाचून पाहावेत. स्वागतात 'आम्ही तत्काळ उत्तर देऊ' आणि त्याखाली 'सकाळी १० पर्यंत उत्तर मिळेल' असे दिसणे हास्यास्पद ठरते. स्वागतात आपण कोण, कोठे आणि खोल्या किती एवढेच लिहावे. पहिला हंगाम स्वागताच्या निरोपाविना काढला तरी काही बिघडत नाही, असे माझे मत आहे.

फोन जागा असला पाहिजे

हे उत्तर आपल्या फोनला इंटरनेट मिळत असेल तेव्हाच जाते. कंपनीच्या संगणकावरून आपल्या नावाने कोणीतरी उत्तर देत असते, असा अनेकांचा समज असतो आणि म्हणून ते रात्री फोन बंद करून निश्चिंत झोपतात. फोन बंद असेल तर पाठवणाऱ्याला आपल्या निरोपापुढे एकच करडी खूण दिसते, म्हणजे निरोप निघाला पण पोहोचला नाही, आणि उत्तर तर येतच नाही.

कोकणात याला आणखी एक बाजू आहे. पावसाळ्यात रात्री लाइट गेली की घरातला वायफायचा डबा बंद पडतो. फोनमधला मोबाइल डेटा बंद ठेवलेला असेल तर फोन चालू असूनही इंटरनेट नसते. त्यामुळे रात्री वायफायबरोबर मोबाइल डेटाही सुरू ठेवावा, फोन चार्जिंगला लावावा आणि घरात ज्या कोपऱ्यात रेंज येते त्या कोपऱ्यातच ठेवावा. झोपमोड होऊ नये म्हणून फोन बंद न करता सूचनांचा आवाज बंद करावा. विमानाचे चिन्ह असलेला मोड लावू नये, कारण त्याने इंटरनेटच तुटते.

अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या सोयी पार्श्वभूमीवर चालणारी अ‍ॅप झोपवतात. फोनच्या `Settings` मध्ये `Apps` उघडून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस निवडावे. तेथे बॅटरीच्या ओळीत `Unrestricted` किंवा त्या अर्थाचा जो पर्याय असेल तो द्यावा आणि पार्श्वभूमीवर डेटा वापरण्याची परवानगी सुरू असल्याची खात्री करावी. नावे कंपनीगणिक बदलतात, पण 'बॅटरी' आणि 'पार्श्वभूमी' हे दोन शब्द शोधले की जागा सापडते. तारीख आणि वेळ आपोआप जुळण्याचा पर्यायही चालू ठेवावा.

हे सगळे झाल्यावर तपासणी करावी. रात्री ८ नंतर दुसऱ्या फोनवरून निरोप पाठवून उत्तर येते का ते पाहावे. ज्या नंबरावरून तपासायचे तो आपल्या फोनबुकात नसावा. मुलाच्या किंवा जावेच्या फोनवरून तपासले आणि 'काहीच चालत नाही' असे ठरवले, असे पुष्कळदा होते. वास्तविक त्यांचे नाव साठवलेले असल्याने उत्तर न जाणे हेच बरोबर असते. ओळखीतल्या पण नाव न साठवलेल्या माणसाला विनंती करावी, किंवा तपासणीपुरता `Everyone` हा पर्याय ठेवून नंतर बदलावा. स्वागताचा निरोप तपासताना १४ दिवसांचा नियम लक्षात ठेवावा. एकदा तपासलेल्या नंबरावरून लगेच पुन्हा निरोप पाठवल्यास तो येणार नाही, आणि तो बिघाड नव्हे.

तिसरा टप्पा: साठवलेली उत्तरे

साठवलेली उत्तरे, म्हणजे `Quick replies`, आपोआप जात नाहीत. आपण बोलणे उघडून तिरकी रेघ `/` टंकली की साठवलेल्या उत्तरांची यादी समोर येते. त्यातले एक निवडले की मजकूर लिहिण्याच्या चौकटीत येऊन बसतो आणि पाठवण्याआधी तो बदलता येतो. रात्रीच्या विचारणांना सकाळी पाऊण तासात उत्तरे देऊन मोकळे व्हायचे असेल तर खरा वेळ येथेच वाचतो.

नवे उत्तर साठवण्यासाठी `Business tools` मध्ये `Quick replies` उघडून अधिकच्या चिन्हावर टिचकी मारावी, मजकूर लिहावा आणि त्याला छोटे नाव द्यावे. फोटोही जोडता येतो. एकूण ५० उत्तरे साठवता येतात, पण तेवढ्यांची गरज कोणालाच नसते. आठ-दहाच्या पुढे गेले की नावे आठवत नाहीत आणि माणूस पुन्हा हाताने लिहू लागतो.

कोणती उत्तरे साठवायची हे कल्पनेने ठरवू नये. गेल्या महिन्याभरातील बोलणी उघडून पाहावी, आपण तेच तेच कोठे लिहिले आहे ते शोधावे आणि त्यातले सर्वांत नीट लिहिलेले उत्तर उचलावे. अँड्रॉइडवर आपण पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून धरले की तीन ठिपक्यांच्या मेनूत ते थेट साठवण्याचा पर्याय मिळतो. नमुन्यातील होमस्टेला पुढील पाच पुरतात: `/dar` म्हणजे दर, `/kholi` म्हणजे खोल्यांचे वर्णन आणि फोटो, `/jevan` म्हणजे जेवणात काय मिळते, `/rasta` म्हणजे कसे यायचे आणि `/nakki` म्हणजे बुकिंग नक्की झाल्याची पोच. नावे इंग्रजी लिपीत ठेवली की कीबोर्ड बदलावा लागत नाही.

`/rasta` चे उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नाला यजमान सर्वांत लांबलचक आणि दर वेळी वेगळे उत्तर देतात.

> मुंबईहून: मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण, तेथून गुहागर रस्ता.
> पुण्याहून: सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर.
> दापोलीकडून: दाभोळला येऊन फेरीबोटीने गाडीसह धोपाव्याला उतरावे. शेवटच्या फेरीची वेळ निघण्याआधी विचारून घ्यावी.
> रेल्वेने: चिपळूण स्थानक, पुढे एसटी किंवा रिक्षा.
> घाटरस्ता अंधार पडण्याआधी पार करावा. अडचण आल्यास निरोप न पाठवता फोन करा.

यात बदलणारे काहीच नाही, म्हणून ते जसेच्या तसे पाठवता येते. `/dar` मध्ये मात्र दर कायमचे आणि तारखा-माणसे दर वेळी निराळी असतात. अशा ठिकाणी मजकुरात रिकाम्या जागा सोडून त्या भरण्याची पद्धत पुष्कळ जण सुचवतात. ती टाळावी. घाईत एखादी जागा भरायची राहते आणि पाहुण्याला 'आपली एकूण रक्कम रु. ____ आहे' असा निरोप जातो. त्यापेक्षा कायमचा भाग साठवावा आणि हिशोब त्याच्याखाली स्वतःच्या हाताने वेगळ्या निरोपात लिहावा.

एक विचारणा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

शुक्रवारी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी अनोळखी नंबरावरून 'रेट काय?' एवढाच निरोप येतो. नाव फोनबुकात नाही, वेळ ८ नंतरची आहे, फोनला डेटा आहे, म्हणून वेळेबाहेरचे उत्तर जाते. पाच मिनिटांनी समोरून उत्तर येते: २४ ते २६ जानेवारी, चार मोठी माणसे, दोन मुले, वये ९ आणि ४, सगळ्यांना मासे चालतील. यजमान झोपलेले आहेत.

सकाळी सव्वानऊला यजमान वही उघडून २४ आणि २५ या दोन रात्रींसाठी दोन खोल्या रिकाम्या आहेत की नाहीत ते पाहतात. खोल्या आहेत. मग `/dar` पाठवतात: खोलीचा दर प्रत्येक रात्री २,५०० रुपये, न्याहरी आणि दोन वेळचे जेवण मोठ्या माणसाला दिवसाला ६०० रुपये, ५ ते १० वर्षांच्या मुलांना निम्मे, ५ वर्षांखालील मुलांना काही नाही. त्याखाली हाताने लिहितात:

> आपल्यासाठी: २ खोल्या × २ रात्री = १०,००० रु.
> जेवण: ४ मोठी माणसे × २ दिवस = ४,८०० रु.; ९ वर्षांचे मूल × २ दिवस = ६०० रु.
> एकूण १५,४०० रु. निम्मी रक्कम, ७,७०० रु., आगाऊ. या दोन खोल्या आपल्यासाठी आज संध्याकाळी ६ पर्यंत राखून ठेवल्या आहेत.

पाठोपाठ `/kholi` चे दोन फोटो जातात. सगळे मिळून चार-पाच मिनिटे लागतात आणि 'किती माणसे, कोणत्या तारखा, मुले आहेत का' ही तीन-चार वेळची ये-जा वाचते. दुपारी आगाऊ रक्कम जमा झाल्यावर खात्यात ती खरोखर आली आहे हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहावे, पाहुण्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नये, आणि मगच `/nakki` व `/rasta` पाठवावे. शेवटी नंबर 'पाहुणे' या शब्दाने साठवावा. संध्याकाळी ६ पर्यंत रक्कम आली नाही तर तसे एका ओळीत कळवून खोल्या मोकळ्या कराव्यात.

सकाळी पाच-सहा विचारणा एकदम उत्तरे मागत असतील तर लेबलांचा उपयोग होतो. अ‍ॅपमध्ये `New customer`, `Pending payment`, `Paid` अशी काही लेबले आधीच असतात. रक्कम येण्याची वाट पाहत असलेल्या बोलण्यांना `Pending payment` लावले की संध्याकाळी ६ ला नेमकी तेवढीच बोलणी उघडता येतात.

गणपतीत घर बंद असते तेव्हा

पुष्कळ कोकणी यजमान गणपतीत पाहुणे घेत नाहीत, कारण घरचेच चाकरमानी येऊन सगळ्या खोल्या भरतात. कामाच्या वेळा वारांनुसार ठरतात, तारखांनुसार नाही, म्हणून अशा दिवसांसाठी `Away message` मधला `Custom schedule` वापरावा. सुरुवात चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आणि शेवट गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरच्या दिवशी सकाळी अशी ठेवावी, आणि मजकूर बदलावा: घरी गणपती असल्याने या दिवसांत निवासाची सोय बंद आहे, पुढील महिन्यांच्या बुकिंगसाठी तारखा लिहून ठेवाव्यात, अमुक तारखेनंतर उत्तर मिळेल.

येथे दोन गोष्टी नजरेतून सुटतात. आपोआप उत्तराची जागा एकच आहे. सणाचा मजकूर लिहिला की रोजचा मजकूर पुसला जातो. म्हणून रोजचा मजकूर `/ratra` या नावाने साठवलेल्या उत्तरांत ठेवावा, म्हणजे सण संपल्यावर तो तेथून उचलून परत घालता येतो. दुसरी गोष्ट अशी की, सणाची मुदत संपल्यावर वेळापत्रक आपोआप 'कामाच्या वेळेबाहेर' या पर्यायावर परत जात नाही. ते हाताने बदलावे लागते. न बदलल्यास त्या रात्रीपासून कोणालाच काही उत्तर जात नाही आणि हे यजमानाच्या लक्षात येण्यास कित्येक दिवस लागतात, कारण पडद्यावर काहीही चुकल्याचे दिसत नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाची सूचना आधीच लावून ठेवावी. सणाच्या दिवसांत प्रोफाइलवर नेहमीच्याच वेळा दिसत राहतात, त्यामुळे ते वार तात्पुरते बंद दाखवावेत. गुगलवरील नोंदीत विशिष्ट तारखांसाठी वेगळ्या वेळा भरण्याची सोय आहे, ती वापरावी.

दर वर्षी मे महिन्याचे दर ठरवताना `/dar` बदलावे लागते. त्याच वेळी `/nakki` मध्ये आगाऊ रकमेचा उल्लेख असेल तर तो, `/kholi` च्या फोटोवर जुना दर लिहिलेला असेल तर तो फोटो, आणि प्रोफाइलच्या वर्णनात 'अमुक रुपयांपासून' असे लिहिले असेल तर तेही बदलावे. हे टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे रकमेचा आकडा `/dar` सोडून दुसऱ्या कोणत्याही मजकुरात लिहायचाच नाही.